नाव पुढे करणाऱ्याला काय कळतं?

कंपनीच्या रेफरल पोर्टलवर आपण कुणाचा तरी रेझ्युमे चढवतो. नातं किंवा ओळख कशी, किती वर्षांची, हा माणूस या जागेला योग्य का वाटतो, अशा दोन-चार रकान्यांत काहीतरी लिहितो आणि सबमिट दाबतो. त्यानंतर आपल्याला काय दिसतं? बहुतेक ठिकाणी एक शब्द दिसतो. 'अंडर रिव्ह्यू'. कधी 'ऑन होल्ड'. महिनोन्‌महिने तोच शब्द. मुलाखत झाली का, कशी झाली, कुठल्या फेरीत गाडी अडली, यातलं काही तिथे येत नाही, आणि एचआरला विचारलं तर 'प्रोसेसमध्ये आहे' यापलीकडे उत्तर मिळत नाही. त्यांनी ते देऊही नये, कारण उमेदवाराची माहिती ही उमेदवाराची असते.

त्यामुळे ज्याने आपलं नाव पुढे केलं, त्याला निकाल कळण्याचा खरा मार्ग एकच असतो, तो म्हणजे आपण. नोकरी लागल्यावर किंवा हुकल्यावर पाठवायच्या आभाराच्या मेसेजचं पहिलं काम कळवण्याचं आहे, आभार त्यानंतरचे. हे एकदा ध्यानात आलं की त्यात काय लिहायचं आणि तो कधी पाठवायचा, हे प्रश्न बरेच सोपे होतात. मी पुण्यात बरीच वर्षं नोकरी करतोय, बऱ्याच जणांची नावं पुढे केली आहेत. त्यातला एकजण आमच्याच कॅन्टीनमध्ये, गळ्यात आमच्याच कंपनीचं कार्ड घालून, ताट घेऊन माझ्यासमोर उभा राहिला तेव्हा मला कळलं की त्याचं काम झालं. 'अरे सर, तुम्हाला सांगणारच होतो!' म्हणाला. बिचारा खरंच सांगणार असेल.

यंदा माझ्या भाचीच्या निमित्ताने हा सगळा प्रकार पलीकडच्या बाजूने बघायला मिळाला. ती नाशिकच्या एका छोट्या कंपनीत गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सचं टेस्टिंग करायची. तिला पुण्यात यायचं होतं. आमच्या ताईच्या शेजारी एक काका राहतात, पॉलिटेक्निकमधून निवृत्त झालेले. त्यांचा एक जुना विद्यार्थी पुण्यातल्या मोठ्या कंपनीत टीम लीड आहे. काकांनी त्याला फोन केला, त्याने भाचीशी वीसेक मिनिटं बोलून तिचा रेझ्युमे पोर्टलवर घातला. तीन फेऱ्या झाल्या आणि एप्रिलमध्ये ऑफर आली. त्या संध्याकाळी तिने विद्यार्थ्याला, म्हणजे तिच्या भाषेत 'सरांना', पाठवायचा मेसेज मला आधी दाखवला:

'आदरणीय सर, आपल्या अमूल्य मार्गदर्शनामुळे व सहकार्यामुळे माझी निवड झाली आहे. आपले हे उपकार मी आयुष्यभर विसरणार नाही. आपला आशीर्वाद असाच पाठीशी राहू द्या.'

मी विचारलं, हा मेसेज तू तुझ्या दहावीच्या बाईंना पाठवलास तर त्यात काय बदलावं लागेल? ती म्हणाली, 'सरच्या जागी मॅडम.' तीच अडचण होती. यात कुठली कंपनी, कुठली जागा, कधी रुजू होणार, हे काही नाही. तिने स्वतःचं नावसुद्धा घातलं नव्हतं. वीस मिनिटांच्या एका फोनवर झालेली ओळख, मधे दोन महिने गेलेले, आणि तिचा नंबर त्याने सेव्ह केलेला असेलच असं नाही.

दुसरी अडचण जरा नाजूक आहे. 'आपल्यामुळे माझी निवड झाली' हे खरं नव्हतं. त्याने रेझ्युमे ढिगातून काढून टेबलावर ठेवला एवढंच. निवड मुलाखत घेणाऱ्या पॅनेलने केली आणि तो त्या पॅनेलवर नव्हता. उद्या हाच मेसेज कुणी वाचला तर असं वाटेल की त्याने आतून काहीतरी फिरवलं. नम्रतेपोटी लिहिलेलं वाक्य समोरच्याला अडचणीत आणू शकतं ते असं. आणि भाचीलाही ते फारसं शोभत नव्हतं, तीन फेऱ्या तिने दिल्या होत्या.

मग त्याने नेमकं काय केलं होतं, असं मी तिला विचारलं. ती आधी 'रेफर केलं' एवढंच म्हणाली. जरा खोदल्यावर निघालं ते असं. फोनवर त्याने तिला सांगितलं होतं की रेझ्युमेत टूल्सची नुसती यादी दिलीस, ती सगळ्यांचीच असते. तू शोधलेला एखादा दोष लिही. तिच्याकडे एक चांगला दोष होता. एका गाडीची बॅटरी रात्रभर उभ्या उभ्या उतरायची. गाडी बंद केली की तिचे सगळे कंट्रोलर थोड्या वेळाने झोपायला हवेत. त्यातला एक झोपतच नव्हता, मधूनच नेटवर्कवर एखादा संदेश टाकायचा आणि त्यामुळे बाकीचेही जागे राहायचे. भाचीने रात्रभर या नेटवर्कचा, म्हणजे कॅनचा, लॉग लावून ठेवला, सकाळी तो चाळला आणि कुठला कंट्रोलर जागरण करतोय ते पकडलं. हे तिने रेझ्युमेत दोन ओळींत लिहिलं. दुसऱ्या फेरीत पहिला प्रश्न त्या दोन ओळींवर आला आणि पुढचा अर्धा तास त्याच विषयावर गेला.

आता हे त्या माणसाला कसं कळणार? त्याने तर सहज बोलताना सांगितलं होतं. आपण बोललेलं एखादं वाक्य कुणीतरी खरंच अमलात आणलं आणि ते कामी आलं, हे ऐकण्यात जे सुख आहे ते 'अमूल्य मार्गदर्शन' या शब्दांत येत नाही. मी तिला म्हटलं, हेच लिही, आणि बाकीचं काढून टाक. शेवटी गेलेला मेसेज असा होता:

'नमस्कार सर. मी नाशिकहून बोलले होते, काकांच्या ओळखीने, फेब्रुवारीत. टेस्टिंगच्या जागेसाठी तुम्ही माझं नाव दिलं होतंत. माझी निवड झाली. ऑफर काल स्वीकारली. इथली नोटीस तीन महिन्यांची आहे, त्यामुळे जुलैच्या मध्यावर रुजू होईन. तुम्ही सांगितल्याप्रमाणे रेझ्युमेत बॅटरीच्या दोषाबद्दल लिहिलं आणि दुसऱ्या फेरीत जवळजवळ सगळं त्यावरच बोलणं झालं. ओळख नसताना वेळ काढलात आणि माझ्यासाठी नाव पुढे केलंत, त्याबद्दल मनापासून आभार. काकांना मी आधीच फोन केला आहे.'

शेवटच्या वाक्याबद्दल पुढे सांगतो. आधी 'ओळख नसताना' याबद्दल.

नोकरी देणारी ओळख बहुधा लांबची असते, हे आता पन्नास वर्षांपासून माहीत आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटन या गावात नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं होतं की ज्याच्याकडून ही जागा कळली, तो तुम्हाला त्या काळात किती वेळा भेटत होता. १९७३ सालच्या त्याच्या निबंधात ते आकडे आहेत. ओळखीतून नोकरी मिळालेल्या ५४ जणांपैकी आठवड्यातून दोनदा तरी भेट व्हायची असं सांगणारे फक्त ९ निघाले. अधूनमधून भेटणारे ३०, आणि वर्षातून एकदा किंवा तेवढंही न भेटणारे १५. कारण सरळ आहे. जवळच्या माणसांना जे ठाऊक असतं ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असतं. नवी बातमी दुसऱ्या वर्तुळातून येते.

आभाराचा मेसेज लिहिताना हात अडखळतो त्याचं कारण मला यात दिसतं. सख्ख्या मामाने काम करून दिलं तर आपण त्याचे आभार मानत नाही. मानले तर मामाच म्हणतो, 'परकं समजतोस काय?' आणि अगदी परक्या माणसाशी छापील भाषा चालते. हा माणूस दोन्हींच्या मधला. त्याच्याशी धड सलगी नाही, धड औपचारिकताही नाही, म्हणून माणसं घाबरून एकदम भरजरी मराठी किंवा अर्जातलं इंग्रजी काढतात. त्यापेक्षा आपण कोण, त्याने काय केलं आणि त्याचं काय झालं, एवढं साध्या बोलण्यात लिहिलं तर सूर आपोआप बरोबर लागतो.

आता काका. कंपनीच्या दृष्टीने काका अस्तित्वातच नाहीत. पोर्टलवर त्यांचं नाव नाही, रेफरलचा बोनस त्यांना नाही, एचआर त्यांना ओळखत नाही. पण पहिला फोन त्यांनी केला होता, आणि विद्यार्थ्याने वीस मिनिटं काढली ती भाचीसाठी नव्हे, काकांसाठी. अशा साखळीत मधला माणूस हमखास राहून जातो. शिवाय क्रम चुकला तर आणखी पंचाईत होते. विद्यार्थ्याला आधी कळलं, त्याने आनंदाने काकांना फोन केला, 'सर, तुमच्या शेजारच्या मुलीचं झालं की!' आणि काकांना त्यातलं काहीच माहीत नाही, तर भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या म्हाताऱ्याला ही बातमी पुण्याहून ऐकावी लागली असती. म्हणून भाचीने आधी काकांचं दार वाजवलं आणि मग मेसेज पाठवला. 'काकांना मी आधीच फोन केला आहे' हे वाक्य विद्यार्थ्याला मोकळं करण्यासाठी होतं, आता त्याने काकांशी निःसंकोच बोलावं म्हणून. (फोन नव्हे, ती प्रत्यक्ष गेली होती. पण 'शेजारी जाऊन आले' पेक्षा 'फोन केला' जास्त कामाचं वाटतं, असं तिचं मत.)

काकांना लेखी काही पाठवायचं नव्हतंच. त्या पिढीला मेसेजवर आभार म्हणजे टाळल्यासारखं वाटतं. तिथे समोर जाणं, नमस्कार करणं आणि 'त्यांनी फोनवर काय काय विचारलं' हे पहिल्यापासून सांगणं, हेच आभार.

सर्वांत जास्त वाद झाला तो वेळेवरून. ताईचं म्हणणं होतं की आत्ता कुणाला सांगूच नये. 'हातात पडू दे आधी. रुजू झालीस की मग सांग सगळ्यांना.' आपल्याकडे हे घरोघरी आहे, आणि त्यात नुसती दृष्ट लागण्याची भीती नाही, थोडं शहाणपणही आहे. ऑफर लेटरवर लिहिलेलंच असतं की कागदपत्रांची आणि आधीच्या नोकरीची पडताळणी झाल्यावरच ती पक्की. नोटीसचे तीन महिने म्हणजे बराच काळ. तेवढ्यात प्रकल्प गुंडाळले जातात, जागा गोठवल्या जातात.

पण नाव पुढे करणाऱ्याच्या खुर्चीत बसून पाहा. त्या तीन महिन्यांत त्याला काय ऐकू येतं? एचआरचा प्रश्न, 'तुमची कॅन्डिडेट येणार ना नक्की?' एक ऑफर खिशात टाकून तिच्या जोरावर दुसरीकडे जास्त पगार मागायचा आणि शेवटच्या आठवड्यात फोन उचलायचा नाही, हे इतकं सर्रास चालतं की एचआरला कुणाचाच भरवसा उरलेला नाही. अशा वेळी 'ऑफर स्वीकारली, जुलैच्या मध्यावर येते' हे त्याच्याकडे लेखी असलं तर तो ठामपणे हो म्हणू शकतो. म्हणून माझं मत असं की गावभर पेढे खुशाल रुजू झाल्यावर वाटा, पण ज्यांचं नाव यात गुंतलंय त्यांना ऑफर स्वीकारल्या दिवशी सांगा. रुजू झाल्यावर एक ओळ पुन्हा, 'आज आले, तिसऱ्या मजल्यावर बसते.' ती ओळ त्याच्या दृष्टीने पहिल्या मेसेजइतकीच महत्त्वाची, कारण तोवर काही पक्कं नसतं.

रेफरलच्या बोनसचा हिशेबही रुजू झाल्यापासूनच सुरू होतो, आणि बहुतेक ठिकाणी नवा माणूस ठरावीक महिने टिकला तरच तो मिळतो. पगाराबरोबर येतो आणि त्यावर करही कापला जातो. हा बोनस मात्र आभाराच्या मेसेजमध्ये येता कामा नये. 'तुम्हालाही फायदा झाला ना सर' असं गमतीत लिहिलेलं मी पाहिलं आहे. अर्धे मागणारेही आहेत. काही जण उलट्या बाजूने विचार करतात, त्याला पैसे मिळणारच आहेत, मग आपण वेगळे आभार कशाला? पण तो पैसा कंपनीचा आणि कंपनीच्याच बचतीतला. हाच माणूस एखाद्या प्लेसमेंट कन्सल्टंटकडून घेतला असता तर वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार, ही आपल्याकडची नेहमीची फी. कंपनीने तिचं देणं तिच्या हिशेबाने चुकतं केलं. आपलं आपल्याकडे राहतं.

पूर्वी हा पैसा उलट दिशेने वाहायचा, हे मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास वाचताना लक्षात येतं. तिथे भरती जॉबरच्या हातात होती. तो आपल्या गावची, आपल्या ओळखीची माणसं खात्यात लावायचा आणि लागलेल्या कामगाराकडून दस्तुरी घ्यायचा. नोकरी टिकवायची तर पुढेही देत राहावं लागे. बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करायची. १९३१ साली शाही मजूर आयोगाने या पद्धतीवर कडक शब्दांत लिहिलं, १९३५ पासून बदली कामगारांची नोंद ठेवून जॉबरचा हात आखडायचा प्रयत्न झाला, तरी ती पुढे बराच काळ रेंगाळली. तिथे आभार मानणं कामगाराच्या मर्जीवर नव्हतंच. आजच्या रेफरलमध्ये ते मर्जीवर आहे, आणि म्हणूनच पाकीट, महागडं घड्याळ असलं काही पाठवू नये. बऱ्याच कंपन्यांच्या नियमांत उमेदवाराकडून भेट घेणं बसत नाही. आपण कौतुकाने पाठवलेली वस्तू त्याला परत पाठवावी लागते किंवा कळवावी लागते. मिठाईचा पुडा रुजू झाल्यावर, सगळ्या टीमसाठी, उघड्यावर.

निकाल नकारात्मक लागला तर? तेव्हा बहुतेक जण गप्प बसतात. लाज वाटते, वाईट वाटतं, आणि 'आता कशाला त्रास द्यायचा' असंही वाटतं. मी नाव दिलेल्या एका मुलाने मात्र नकाराच्या दुसऱ्याच दिवशी लिहिलं होतं की शेवटच्या फेरीनंतर नाही म्हणाले, डेटाबेसच्या प्रश्नांवर अडलो, तिथे अभ्यास कमी पडला हे मलाही जाणवलं, तुम्ही नाव दिलंत त्याबद्दल आभार. बस. 'पुढे काही असेल तर बघा' ही शेपटी त्याने जोडली नव्हती. आभाराला नवी विनंती जोडली की आभार ही प्रस्तावना होऊन बसते.

त्या मेसेजचा मला उपयोग झाला. पोर्टलवर त्याच्या नावापुढे नुसतं 'होल्ड' होतं; अडचण माणसात नाही, एका विषयात आहे, हे मला त्याच्याकडून कळलं. आमच्याकडे एकदा नाकारलेल्याला सहा महिने पुन्हा घेत नाहीत. ते उलटल्यावर मी आपण होऊन त्याला विचारलं, डेटाबेसचं काय झालं?

याहून कठीण मेसेज एकच. ऑफर मिळाली आणि आपण ती नाकारतोय. इथे नाव पुढे करणाऱ्याचं खरंच काहीतरी पणाला लागलेलं असतं, कारण पुढच्या वेळी तो कुणाला आणेल तेव्हा हे त्याला ऐकवलं जातं. हे त्याला एचआरकडून कळता कामा नये. एचआरला मेल टाकायच्या आधी त्याला फोन करावा, नकाराचं कारण एका वाक्यात खरं सांगावं (पगार असेल तर पगार, आईची तब्येत असेल तर ती), आणि लगेच त्यामागोमाग लेखी पाठवावं, म्हणजे त्याला आपल्या मॅनेजरला काय सांगायचं ते शब्द तयार मिळतात. तेव्हा तो थोडा तुटक बोलेल. बोलू द्यावं.

भाचीच्या मेसेजला त्या विद्यार्थ्याचं उत्तर रात्री उशिरा आलं. अभिनंदन, एक हसरा चेहरा, आणि खाली एक प्रश्न: 'फॉर्ममध्ये मी तुझं सध्याचं पद टेस्ट इंजिनिअर असं लिहिलंय. तुझ्या कंपनीच्या कागदावर तसंच आहे ना? रिलीव्हिंग लेटर जुळलं नाही तर व्हेरिफिकेशनवाले तिथेच थांबवतात.'

तिने दुसऱ्या दिवशी चौकशी केली. नाशिकच्या ऑफिसात तिचं पद अजून 'ट्रेनी इंजिनिअर' असंच नोंदलेलं होतं; कन्फर्मेशनचं पत्र तिच्या हातात दिलं, पण फाइलमध्ये कुणी बदल केलाच नव्हता. तिने पत्राची प्रत जोडून अर्ज दिला, दोन वेळा आठवण केली आणि जूनच्या आत ते सुधारून घेतलं.

ताईला हे सांगितलं तेव्हा ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'बरं झालं मग कळवलं ते.' आणि लगेच, 'पण पेढे जुलैतच हं.'